उलटसुलट सारखे शब्द कसे तपासावेत

उलटे वाचले तरी तेच राहणारे शब्द शोधताना मराठीत घोटाळा होतो तो काना, मात्रा आणि वेलांटीमुळे. इंग्रजीत स्वर हे स्वतंत्र अक्षरच असल्यामुळे level किंवा noon एकेक अक्षर मागून वाचले की काम भागते; मराठीत मात्र स्वरचिन्ह व्यंजनाला चिकटून त्याच्याबरोबरच सरकते.

१. शब्दाची अक्षरे चिन्हांसकट तोडावीत. जोडाक्षर फोडू नये : म-ध्य-म.
२. पहिले अक्षर शेवटच्याशी, दुसरे शेवटून दुसऱ्याशी ताडून पाहावे. मधले एकटे अक्षर कोणतेही चालते.

त्यामुळे ‘नवीन’, ‘जहाज’ आणि ‘टोमॅटो’ उतरतात, पण ‘लाल’ उतरत नाही, कारण ला आणि ल ही दोन वेगळी अक्षरे असून उलटे वाचल्यास ‘लला’ होते. लिपी बदलली की निकालही बदलतो : madam इंग्रजीत जमतो, ‘मॅडम’ जमत नाही; radar आणि ‘रडार’ मात्र दोन्हीकडे टिकतात, ही गंमतच.

ऱ्हस्वदीर्घाकडे कानाडोळा करू नये. ‘चिमा काय कामाची’ हे सर्वपरिचित वाक्य कानाला चोख वाटते, पण आरंभी चि आणि शेवटी ची असल्याने काटेकोर कसोटीला ते उतरत नाही. ‘रामाला भाला मारा’ उतरते.

संगणकावर शब्द उलटवताना सावध राहावे. साधी आज्ञा चिन्हालाही वेगळे अक्षर मानते, म्हणून ‘नवीन’चे ‘नीवन’ होते आणि अस्सल शब्द बाद ठरतो.