साक्षीवर सही करण्याआधी

साक्ष संपली की टाइप केलेला कागद सहीसाठी पुढे येतो आणि घाईत चूक निसटते. मी आधी उलटतपासच वाचतो. तिथली वाक्यं लांबलचक असतात: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी गावात नव्हतो.’ पहिला ‘नाही’ गळला, तर तुम्ही गावात नव्हता हे कबूल करून बसता! मग तारखा, रकमा, गट नंबर बघा.

चूक दिसली तर स्वतः पेन चालवू नका. सहीआधीच न्यायाधीशांना सांगा. फौजदारी खटल्यात त्यांनी दुरुस्ती केली नाही, तर ‘माझी हरकत नोंदवा’ म्हणा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा.

मात्र दुरुस्ती नोंदीतल्या चुकीचीच. दिलेलं उत्तर बदलता येत नाही.