तांदीचा पंप आणि टाकीचा हिशेब: लेहला जाताना या चुका टाळा

मनालीहून लेहला निघालं की केलाँगच्या सात-आठ किलोमीटर अलीकडे तांदीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारा तिथला बोर्ड प्रसिद्ध आहे. बहुतेक जण त्या बोर्डासमोर फोटो काढतात; हिशेब मात्र घरी करून आलेले असतात, आणि तिथेच घोळ होतो.

घरचा हिशेब साधारण असा असतो: क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची, पुणे-सातारा रस्त्यावर ॲव्हरेज ३५, म्हणजे ४५५ किलोमीटर. नव्वद किलोमीटर हातात राहतात, मग कॅन कशाला?

यातली पहिली गफलत ॲव्हरेजची. ३५ चा आकडा सपाट रस्त्याचा आणि एकट्या माणसाचा असतो. इथे मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामान, आणि बारालाचा ते तंगलंग ला असे एकामागोमाग घाट, तेही बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. उतारावर थोडं वाचतं, पण चढावर गेलेलं सगळं भरून येत नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर अजून फटका: हवा विरळ, पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच जात राहतं, गाडी काळा धूर टाकते. ॲव्हरेज २८ धरा. ३६५ ला २८ ने भागलं की १३ लिटर होतात. म्हणजे अख्खी टाकी, शेवटच्या थेंबापर्यंत. लेहच्या ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, तिथपर्यंत धरलं तरी पावणेबारा लिटर लागतात.

आणि शेवटचा थेंब इंजिनापर्यंत पोचतच नाही. तळाचं थोडं पेट्रोल पंपाला ओढता येत नाही, चढावर ते टाकीत मागे सरकतं आणि गाडी आचके देऊ लागते. इंजेक्शनच्या गाड्यांत टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे तळ गाठेपर्यंत चालवणं त्यालाही सोसत नाही. डिझेल गाडी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून ती लगेच सुरू होईलच असं नाही. म्हणून १३ ची टाकी १२ चीच समजा.

दुसरी चूक अटल बोगद्यानंतर वाढली. आता मनालीहून तांदीला दोनेक तासांत पोचता येतं. काटा जेमतेम हललेला असतो आणि पंपावर रांग असते. ‘सकाळीच फुल्ल केलीय की’ म्हणत मंडळी पुढे सुटतात. पण मनालीपासून साठेक किलोमीटर झालेले असतात, म्हणजे दोन लिटर गेलेले. वरच्या हिशेबात हे दोन लिटर कुठून आणणार? रांगेत उभे राहा. बाईक सरळ उभी धरून भरा, साइड स्टँडवर कलती गाडी कमी पेट्रोल घेते. मात्र झाकणापर्यंत ठासून भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं.

कारवाल्यांची चूक वेगळी. ते डॅशबोर्डवरच्या ‘अजून इतके किलोमीटर’ या आकड्यावर विसंबतात. तो आकडा नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढलेला असतो. बारालाचा उतरून सरचूच्या मैदानात आलात की तो वाढलेला दिसेल आणि जीव सुखावेल. पुढे गाटा लूप्सची २१ वळणं चढताना तोच आकडा रस्त्यापेक्षा भरभर घसरतो. त्यापेक्षा तांदीला ट्रिप मीटर शून्य करा आणि झालेले किलोमीटर मोजा.

परतीचा विचार तर कुणीच करत नाही. पांग साधारण अर्ध्यावर आहे. तिथवर अर्ध्याहून जास्त टाकी गेली असेल तर पुढे दरड कोसळून रस्ता बंद झाल्यावर तांदीलाही परतता येणार नाही. त्सो कर बघायला वाट वाकडी करणार असाल तर त्याचे चाळीस-पन्नास किलोमीटर वेगळे धरा. वाटेतल्या तंबूंत बाटलीतून पेट्रोल मिळालंच तर नशीब. त्यावर बेत आखू नका.

उपाय पाच लिटरचा धातूचा कॅन. त्यात साडेचार लिटरच भरा. पाण्याच्या बाटल्या नकोत: उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, बाटली टम्म फुगते, झाकणातून पाझरते. कॅनचं झाकणही इंजिन निवल्यावर, हळूहळू सैल करत उघडा. आणि टाकीत जागा झाली की, म्हणजे पांगच्या आसपास, कॅन रिकामा करून टाका. गाडी बंद पडायची वाट कशाला बघायची?

आपल्या गाडीचा खरा आकडा काढायला लेहला जावं लागत नाही. जोडीदार आणि पूर्ण सामान घेऊन एखाद्या रविवारी माळशेज नाहीतर वरंधा घाट करा. निघताना ऑटो कटपर्यंत भरा, दीड-दोनशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. जो आकडा येईल त्यातून आणखी दहा टक्के वजा करून तांदीचा हिशेब मांडा.