नाईट करून दिवसा झोपण्यावर गाणं लिहिताना मी जिथे आपटले

नर्सची नाईट ड्युटी करून सकाळी नऊला खोलीवर यायचं, पडदे ओढायचे आणि तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडणार, हे तुम्हाला सांगायला नकोच. पुण्यात दुपारी एक ते चार झोपणं हा हक्क, पण सकाळी दहाला झोपलेली बाई दिसली की शेजारच्या काकू विचारणार "बरं नाहीये का गं?"

तर ह्यावर गाणं लिहायला मी अभंगाचं माप घेतलं, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. तुकोबांचे बरेच अभंग ह्याच मापात आहेत, त्यामुळे कानाला सवय असते. जोडाक्षर एकच मोजायचं. पहिलं कडवं झालं ते असं:

थकले मी देवा
रात्र ही सरेना
झोप ही मिळेना
काय करू

मोजून बघा, माप बरोबर आहे. मी खूश. सोबतच्या सिस्टरला म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, "हे माझ्या आयटीतल्या भावाचं पण असू शकतं की." रागच आला, पण खरं होतं. एक तर "ही" दोनदा नुसतं अक्षर भरायला घुसडलेलं, आणि दुसरं, खरा सापळा हाच, की थकवा, झोप, रात्र ही नावं आहेत, त्यात नर्स कुठेच नाही. "मनातलं ओत, आपोआप येतं" असं सांगणारे गुरू मला तर अजिबात पटत नाहीत, माझ्या मनात तेव्हा फक्त "झोप" एवढंच होतं.

मग आठवडाभर झोपायच्या आधी अंगावर काय दिसतंय तेवढंच लिहिलं. पोटरीवर मोज्याच्या इलास्टिकचा वळ. सॅनिटायझरने फुटलेली बोटं. तळहातावर पेनाने लिहिलेली पेशंटची शुगर (लिहू नये, इन्चार्ज ओरडतात, तरी लिहितो), जी उठल्यावर उशीच्या अभ्र्यावर उलटी उमटलेली असते. ह्यातून आलं:

पेनाचे आकडे
तळहाती ओले
उशीवर गेले
झोपताना

थकले हा शब्द कुठेच नाही, तरी ती सिस्टर गप्प झाली, मग स्वतःचा हात बघायला लागली.

अजून एक, नुसतं कागदावर मोजू नका, गाऊन बघा. बोलताना आपण "उशीवर्" म्हणतो, पण अभंगात "उ-शी-व-र" अशी चारही अक्षरं मोकळी म्हणावी लागतात. ह्यामुळे माझं "सॅनिटायझर" फसलं, कागदावर बरोब्बर सहा अक्षरं, पण गाताना "य-झ-र" सुटं सुटं म्हटलं की हसूच येतं. काढून टाकलं. मोज्याचा वळ मात्र बसला:

मोज्याचा तो वळ
पोटरीशी जागा
पडद्याचा धागा
उन्हामध्ये

"तो" इथे पण भरतीचाच आहे, माहितीये. तीन नाईट झाल्या, अजून निघालेला नाही.