ऑर्डर नेमकी कुणाच्या नावावर? मसाल्याच्या हंगामात जाहिरातींचं बजेट ठरवताना या चुका टाळा

मार्च ते मे हा कोल्हापुरात वर्षभराच्या चटणीचा हंगाम. बाहेरगावचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तीच आमची चटणी. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचा हा मसाला ऑनलाइन विकला जातो आणि त्याच्या जाहिराती मी सांभाळतो. एका मे महिन्यात एप्रिलचा रिपोर्ट उघडून बसलो होतो. मालक काका शेजारी. त्यांनी इन्स्टाग्रामच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काय ओ, हे इन्स्टा नुसतं पैसं खातंय की! बंद करून टाका." मी मान डोलावली, आणि तिथंच चुकलो.

त्या महिन्यात चार जाहिराती चालू होत्या. इन्स्टाग्रामवर तांबड्या रश्श्याच्या रील्स, त्यावर 45,000 रुपये. गुगलवर 'कांदा लसूण चटणी' असं शोधणाऱ्यांसाठी 25,000. साइटवर येऊन न घेता गेलेल्यांना पुन्हा दाखवायची जाहिरात, म्हणजे रिमार्केटिंग, 12,000. आणि दुकानाचं नावच टाइप करणाऱ्यांसाठीची ब्रँड सर्च, 8,000. एकूण 90,000 रुपये आणि जाहिरातींतून आलेल्या 400 ऑर्डर. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत. कुरिअर आणि माल वजा जाता एका ऑर्डरमागे साधारण 350 रुपये उरत होते, त्यामुळे जाहिरातीचा खर्च त्याच्या आत बसला पाहिजे, हा आमचा हिशोब.

एका गिऱ्हाइकाचा प्रवास बघा. पुण्यातल्या एका बाईंनी 28 मार्चला रील बघून साइट उघडली. पण गावाकडून सासूबाई यंदा चटणी पाठवणार की नाही, ते कळायचं होतं. 9 एप्रिलला त्यांनी गुगलवर 'कांदा लसूण चटणी' शोधलं आणि आमच्या जाहिरातीवर क्लिक केलं. 15 तारखेला रिमार्केटिंगची जाहिरात उघडली. 21 तारखेला दुकानाचं नाव टाइप केलं, सगळ्यात वर आमचीच जाहिरात आली, तिच्यावर क्लिक करून दोन किलोची ऑर्डर दिली.

ही ऑर्डर कोणत्या जाहिरातीच्या नावावर लिहायची, ते ठरवायच्या तीन पद्धती आहेत, त्यांना मॉडेल म्हणतात. लास्ट-क्लिक ही अख्खी ऑर्डर ब्रँड सर्चच्या नावावर लिहितं. फर्स्ट-टच ती इन्स्टाग्रामला देतं. डेटा-ड्रिव्हन तिचे तुकडे करतं, समजा 0.4 इन्स्टाला, 0.3 'कांदा लसूण चटणी'च्या जाहिरातीला, 0.1 रिमार्केटिंगला आणि 0.2 ब्रँडला. अशा चारशे ऑर्डरींची बेरीज केली की एका ऑर्डरचा खर्च असा दिसतो. कंसात ऑर्डरी आहेत.

| जाहिरात | लास्ट-क्लिक | फर्स्ट-टच | डेटा-ड्रिव्हन |
|---|---|---|---|
| इन्स्टा रील्स | ₹750 (60) | ₹214 (210) | ₹360 (125) |
| 'कांदा लसूण चटणी' सर्च | ₹250 (100) | ₹179 (140) | ₹208 (120) |
| रिमार्केटिंग | ₹200 (60) | ₹800 (15) | ₹240 (50) |
| ब्रँड सर्च | ₹44 (180) | ₹229 (35) | ₹76 (105) |

पैसे तेच आणि ऑर्डरीही त्याच. तरी 350 ची रेघ मारली की पहिल्या रकान्यात इन्स्टा तोट्यात जातं, दुसऱ्यात रिमार्केटिंग, आणि तिसऱ्यात इन्स्टा दहा रुपयांनी रेघेबाहेर पडतं. काका आणि मी पहिला रकाना बघत होतो.

चूक पहिली: 44 रुपयांच्या मोहात पडणं

आम्ही इन्स्टाचं बजेट 45,000 वरून 10,000 वर आणलं आणि ब्रँड सर्चचं वाढवलं. पहिले दोन आठवडे सगळं झकास. ऑर्डरी जवळपास तेवढ्याच, खर्च कमी. काका खूश.

हे होणारच होतं. एप्रिलमध्ये रील बघितलेली माणसं मेमध्ये नाव शोधत येत होती. आम्ही आधी भरलेल्या टाकीचं पाणी वापरत होतो, नळ बंद केल्याचं कळायला वेळ लागला. तिसऱ्या आठवड्यात ब्रँड सर्चच्या ऑर्डरी उतरू लागल्या आणि ब्रँडचं वाढीव बजेट खर्चच होईना. दुकानाचं नाव जितके लोक टाइप करतात, तितक्यांनाच ती जाहिरात दिसते. 8,000 चे 16,000 केल्याने नाव शोधणारे दुप्पट होत नाहीत. 44 रुपये ही आलेल्या ऑर्डरींची सरासरी होती, पुढची ऑर्डर त्याच भावात मिळेल असं तिच्यातून निघत नाही.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की पावसाळा तोंडावर आलाय, मागणी घटणारच. असं वाटलं तर गुगल अॅड्समध्ये दोन आकडे शेजारी ठेवा: दुकानाच्या नावाच्या शोधांना मिळालेली इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, आणि 'कांदा लसूण चटणी' या शोधाला मिळालेली. हंगाम सरला तर दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात खाली येतात. आमच्याकडे दुसरा आकडा थोडा घसरला होता, पहिला जवळजवळ निम्मा झाला होता. लोक चटणी शोधत होते, आमचं नाव विसरत होते. ही तुलना करताना दोन्ही जाहिरातींचं बजेट दिवस संपायच्या आधीच संपत नाही ना, तेवढं बघा. नाहीतर इम्प्रेशन्स पैशांअभावी कमी झालेली असतात.

चूक दुसरी: घाणेरड्या डेटावर मॉडेलची चर्चा

हे खरं तर आधी तपासायचं. गिऱ्हाईक पैसे भरायला पेमेंट गेटवेच्या पानावर जातं आणि परत येतं. साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या गुगल अॅनालिटिक्सला वाटतं, ते गेटवेच्या साइटवरूनच आलं. मग लास्ट-क्लिकच्या यादीत गेटवेचं नाव झळकतं, जणू त्यानेच मसाला विकला. Admin मध्ये डेटा स्ट्रीम उघडून टॅग सेटिंग्जमधल्या `List unwanted referrals` मध्ये तो डोमेन टाका.

दुसरी घाण व्हॉट्सअॅपची. काकांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट पाठवायच्या, लिंक साधी. अशी भेट बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून नोंदते. गुगल अॅनालिटिक्सचं लास्ट-क्लिक डायरेक्टला वगळून त्याच्या आधीच्या स्रोताला श्रेय देतं, त्यामुळे वहिनींच्या मेसेजवरून आलेली ऑर्डर जुन्या एखाद्या जाहिरातीच्या खात्यात जमा व्हायची. लिंकच्या शेवटी हे जोडलं आणि तो प्रश्न मिटला:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=broadcast&utm_campaign=unhala_chatni
```

चूक तिसरी: फर्स्ट-टच म्हणजे भलताच आकडा बघणं

हात पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि फर्स्ट-टचचा भक्त झालो. गुगलने नोव्हेंबर 2023 पर्यंत अॅनालिटिक्समधून फर्स्ट-क्लिक मॉडेल काढून टाकलं. लिनिअर, टाइम डिके आणि पोझिशन-बेस्ड हीसुद्धा त्याच वेळी गेली. मग लोक `First user source / medium` हा रकाना उघडतात. तो वेगळाच प्रश्न सोडवतो: हा माणूस साइटवर आयुष्यात पहिल्यांदा कुठून आला? त्यामुळे दोन वर्षांपूर्वी रीलवरून आलेल्या बाईंनी यंदा वहिनींच्या मेसेजवरून तिसऱ्यांदा ऑर्डर दिली, तरी ब्राउझरमधली ओळखीची खूण, म्हणजे कुकी, टिकलेली असली तर ती इन्स्टाच्या नावावर पडते. चटणी दरवर्षी लागते, त्यामुळे असा फुगवटा आमच्यासारख्या धंद्यात मोठा असतो. उपाय साधा आहे. दुकानाच्या ऑर्डर यादीतून फोन नंबरवरून नवी गिऱ्हाइकं वेगळी काढा आणि तेवढ्यांसाठीच हा रकाना वाचा.

रिमार्केटिंगचे 800 रुपये बघून ते बंद करू नका. ती जाहिरात साइटवर येऊन गेलेल्यांनाच दिसते, मग ती पहिली भेट कशी असेल? ज्या 15 ऑर्डरी तिच्या नावावर दिसतात त्या बहुधा कुकी पुसलेल्या किंवा फोन बदललेल्या माणसांच्या. हे मॉडेल तिला नापास करणार हे आधीच ठरलेलं होतं.

चूक चौथी: डेटा-ड्रिव्हनला पंच समजणं

डेटा-ड्रिव्हन ज्यांनी घेतलं त्यांचे मार्ग आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांचे मार्ग शेजारी ठेवतं. एखादी पायरी असलेल्या मार्गांत खरेदीची शक्यता किती वाढते, त्यावरून तुकडे पाडतं. बाकी दोघांपेक्षा हे शहाणपणाचं आहे, आणि मी रोजच्या कामाला हेच वापरतो. पण ते त्याला दिसलेल्या मार्गांतूनच शिकतं. रील एखाद्या बाईंनी स्वतःच्या फोनवर बघितली आणि ऑर्डर नवऱ्याच्या फोनवरून दिली, तर ते दोन अनोळखी लोक ठरतात. रील नुसती बघितली, क्लिक केलं नाही, तर गुगल अॅनालिटिक्सला ती दिसतच नाही. उलट इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाचं स्वतःचं खातं नेहमीच्या सेटिंगला क्लिकनंतरचे 7 दिवस आणि नुसतं बघितल्यानंतरचा 1 दिवस धरतं, म्हणून तिथं ऑर्डरी जास्त दिसतात. शिवाय एकच ऑर्डर मेटा आणि गुगल अॅड्स दोघंही आपापल्या नावावर लिहितात, म्हणून दोघांच्या ऑर्डरींची बेरीज दुकानाच्या वहीपेक्षा जास्त भरते. ती बेरीज करूच नका.

शिवाय आमच्यासारखी महिन्याला काहीशे ऑर्डरींची दुकानं असली की तुकड्यांचे आकडे महिन्यागणिक हलतात. ₹360 आणि ₹350 यांतल्या दहा रुपयांवर जाहिरात बंद करणं म्हणजे तराजूवरचा वारा मोजणं.

मग आम्ही काय केलं

गणपतीनंतर इन्स्टाचं बजेट परत वाढवलं, फक्त नाशिक शहर तीन आठवडे वगळलं. तुलनेला पुणे घेतलं, बाकी जाहिराती दोन्हीकडे तशाच. मोजणी अॅनालिटिक्समध्ये केलीच नाही. दुकानाच्या ऑर्डर यादीतले पिनकोड घेतले, पुण्याचे 411 ने सुरू होणारे आणि नाशिकचे 422 ने. आधीच्या चार आठवड्यांत पुण्यातून 84 आणि नाशिकमधून 42 ऑर्डरी होत्या, म्हणजे नाशिक पुण्याच्या निम्मं. चाचणीच्या तीन आठवड्यांत पुण्यातून 60 आल्या. त्या हिशोबाने नाशिकमधून 30 यायला हव्या होत्या, आल्या 20. नाशिकवर तेवढ्या दिवसांत इन्स्टाचे 3,000 रुपये वाचले होते. दहा ऑर्डरींना 3,000, म्हणजे एक ऑर्डर 300 रुपयांना.

दिवाळीच्या खरेदीने दोन्ही शहरांची मागणी वाढली असती, तरी गुणोत्तर बघितल्याने ते वजा झालं असतं. पण 30 आणि 20 हे लहान आकडे आहेत. नुसत्या योगायोगानेही पाच-सहा ऑर्डरी इकडेतिकडे होतात, त्यामुळे खरा खर्च 200 असू शकतो किंवा 600 सुद्धा. म्हणून पुढच्या मार्चमध्ये हीच चाचणी नाशिक, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर मिळून सहा आठवडे करायची असं ठरवलं. तोवर इन्स्टाला 30,000 ठेवले आहेत. काकांना सहा आठवडे जास्त वाटतात.