टू-बीची जुळवणी: ऑफिस सांभाळून पहिलं बाहेरचं काम घेण्याआधी

"मला एक्सेल येतं" एवढ्यावर इंदूरच्या सियागंज बाजारात कुणी काम देत नाही. "तुमचं खरेदीचं रजिस्टर टू-बीशी जुळवून देते" म्हटलं, की मुनीम मान वर करतो. टू-बी, म्हणजे जीएसटीआर-टू-बी, ही पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची महिन्याची यादी. जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराचं बिल तिच्यात दिसलं तरच खरेदीवरच्या कराची क्रेडिट घेता येते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची टू-बी १४ तारखेला तयार होते आणि थ्री-बी हे कराचं विवरणपत्र २० पर्यंत भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत शेकडो बिलं हातानं जुळवणारी माणसं इंदुरात गल्लोगल्ली आहेत. नोकरी करणाऱ्यांना हे काम सोयीचं पडतं, कारण महिन्यातल्या चार-पाच संध्याकाळीच ते असतं.

आधी आपलं नियुक्तिपत्र काढून बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते वाचा. असेल तर लेखी परवानगी घ्या. ऑफिसची एकही फाइल नमुना म्हणून घरी आणू नका, नावं खोडूनसुद्धा नाही. नमुना आपणच बनवायचा: साठेक खोटी बिलं टाका आणि चुका मात्र खऱ्या पेरा. बिल नंबरात कुठे स्पेस, कुठे तिरकी रेघ, एखादं बिल दोनदा.

खरी मेख बिल नंबरातच असते. पुरवठादार ‘SG/045’ लिहितो, दुकानातला मुलगा ‘sg-045’ टाकतो आणि VLOOKUP ला ती दोन वेगळी बिलं वाटतात. त्याहून वाईट म्हणजे ‘3-12’ असा नंबर पेस्ट केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. म्हणून पेस्ट करण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवा. एका शीटमध्ये रजिस्टर, दुसरीत टू-बी घ्या आणि त्या दुसरीचं नाव 2B ठेवा. दोन्ही शीटांत A मध्ये पुरवठादाराचा जीएसटी नंबर, म्हणजे जीएसटीआयएन, B मध्ये बिल नंबर, C मध्ये एकूण कर ठेवा आणि D मध्ये ही किल्ली बनवा:

```
=A2&"|"&UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),"/",""),"-",""))
```

मग रजिस्टरच्या शीटमध्ये E ला फरक काढा:

```
=C2-SUMIFS('2B'!C:C,'2B'!D:D,D2)
```

फरक रुपयाच्या आत असेल तर बिल जुळलं. पूर्ण कराएवढा फरक म्हणजे बिल टू-बीत नाहीच, आणि मधलाच आकडा आला तर रकमेत घोळ आहे. हेच सूत्र उलट दिशेनं टू-बीच्या शीटमध्येही लावा, नाहीतर आपल्याकडे न पोचलेली बिलं दिसणार नाहीत. एकच बिल रजिस्टरात दोनदा चढलं असेल तर मात्र दोन्ही वेळा ते बिनबोभाट जुळतं, म्हणून D वर COUNTIF लावून एकापेक्षा जास्त येणारी बिलं आधी बाजूला काढा.

मला पहिलं काम मिळालं ते सुक्या मेव्याच्या एका पेढीच्या हिशेबनीस काकांकडून. मी २२ तारखेनंतर गेले, १४ ते २० मध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नसते. म्हटलं, "काका, भरून झालेल्या एखाद्या जुन्या महिन्याच्या दोन्ही फाइली द्या. काही सापडलं तर बोलू." पोर्टलचा पासवर्ड मागितला नाही. कधी मागूही नका, डाउनलोड त्यांनीच करून द्यायचं.

रजिस्टरात १४२ बिलं होती, टू-बीत १३७. सरळ जुळवली तेव्हा १०४ जुळली आणि किल्ली लावल्यावर १३१. रजिस्टरची ११ उरली, त्यातली सात एकाच पुरवठादाराची होती, त्यानं त्या महिन्याचं जीएसटीआर-वन, म्हणजे आपल्या विक्रीचं विवरणपत्र, भरलंच नव्हतं. बाकी चारांचा नंबर टंकताना चुकलेला, त्यांची जोडी टू-बीत उरलेल्या सहांत सापडली. राहिलेली दोन बिलं पेढीत आलीच नव्हती. मी काकांना सगळी फाइल दाखवली नाही. एका पानावर त्या पुरवठादाराचं नाव, सात बिलं आणि अडकलेला कर एवढंच लिहून दिलं. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला.

पुढच्या महिन्याचं काम त्याच टेबलावर ठरलं, आणि तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं: फाइल १५ ला मिळेल, यादी १७ च्या रात्रीपर्यंत देईन, पैसे बिलांच्या संख्येवर. कुठली क्रेडिट घ्यायची, कुठली सोडायची हे त्यांचे सीए ठरवतील, माझं काम फरक दाखवण्यापुरतं, हेही त्यात घातलं. ही ओळ गाळू नका. दर ठरवण्याआधी त्या जुन्या महिन्याला किती तास लागले ते टिपून ठेवा, पहिल्या वेळी अंदाज हमखास कमी पडतो.

पुढचं दार त्यांच्या सीएचं. एका सीएकडे अशा बऱ्याच पेढ्या असतात, आणि ते एक पान तोवर काकांनीच त्यांना दाखवलेलं असतं.