व्हिडिओ कॉलवरचा सीन लिहायचाय? आधी फोन कुणाचा ते ठरवा

बेळगावात आमच्याकडं शॉर्टफिल्म करणारी नवी पोरं अख्खी फिल्म फोनच्या स्क्रीनवर करायची म्हणतात, पण स्क्रिप्ट बघितली तर दोन चेहरे नुसते बोलत असतात आणि दीड मिनिटात सीन सपाट होतो. मी पहिलं ठरवते ते फोन कुणाचा. कारण फोन ज्याचा, त्यानं टाइप करून खोडलेलं प्रेक्षकाला दिसतं, समोरच्याला दिसत नाही. सगळा खेळ तिथंच आहे.

एक सीन घेऊया. रेवती टिळकवाडीत रूम घेऊन राहते, आई खानापूरकडच्या गावात, भाऊ पुण्याला. फोन रेवतीचा. आईशी व्हिडिओ कॉल चालू आहे, आई विचारते, "जेवलीस काय गे?" आणि वरून भावाचा मेसेज पडतो: "शेत विकलं. आईला सांगू नको." रेवती कॉल कट करत नाही, ती चॅट उघडते, आईचा चेहरा बारीक चौकोन होऊन कोपऱ्यात जातो. "बाबांना विचारलंस?" टाइप करते, खोडते. "किती आले?" टाइप करते, तेपण खोडते आणि शेवटी नुसतं "बरं" पाठवते. तोंडानं मात्र "हो, जेवले" एवढंच. तिला काय वाटलं ते त्या दोन खोडलेल्या ओळींतच कळतं, त्यासाठी वेगळा डायलॉग लिहायचा नाही.

आता यात घोळ कुठं होतो, तर वाचायला आणि ऐकायला एकाच वेळी दिलं की. मेसेज स्क्रीनवर असताना आई महत्त्वाचं काही बोलली तर प्रेक्षकाचं दोन्ही निसटतं. म्हणून मी पानाचे दोन भाग करते, डावीकडं ऐकू येणारं, उजवीकडं स्क्रीनवर दिसणारं, आणि उजवीकडं मेसेज आला की डावीकडं आईला "ऐकू यायलंय काय?" असलं हलकं वाक्य देते. मेसेज सात-आठ शब्दांपेक्षा मोठा नको. किती वेळ ठेवायचा ते मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघा, मनात सावकाश दोनदा वाचून होईल एवढा. तुम्हाला मजकूर पाठ असतो, प्रेक्षक पहिल्यांदाच वाचत असतो.

रेंज जाणं हे सगळेच वापरतात, पण ते ऐन गुपित फुटायच्या वेळी आलं की लेखकानं सोय करून घेतली असं वाटतं. वापरायचंच असेल तर सुरुवातीला बिनमहत्त्वाच्या वाक्यावर एकदा आवाज तुटू द्या, मग पुढचं पटतं.

अजून एक, उभी 9:16 फ्रेम आडव्या पडद्यावर लावली की दोन्ही बाजूला काळं येतं आणि मधे बारीक पट्टी उरते, अक्षरं मागच्या रांगेत वाचताच येत नाहीत. तेव्हा कुठल्या मेसेजवर झूम जायचं ते स्क्रिप्टमध्येच लिहा. वरच्या सीनमध्ये मी दोनच ठिकाणी जाईन, भावाच्या मेसेजवर आणि "किती आले?" खोडताना. "बरं" लांबूनच दिसू दे, म्हणजे कोपऱ्यातली आईपण त्याच फ्रेममध्ये राहते.