स्वेट इक्विटी घेताना मी काय शिकलो: फोंड्याच्या एका छोट्या कंपनीतला अनुभव

चवथीला मित्राच्या घरी माटोळीखाली बसून ठरलं होतं, "सॉफ्टवेअर तुझं, वीस टक्के तुझे." तेव्हा लिहून काहीच घेतलं नाही, भरवसा होता आणि तो अजूनही आहे. पण भरवशावर शेअर अलॉट होत नाहीत, त्याला कायद्यातली वाट लागते, आणि ती वाट मला नीट कळायला जवळजवळ वर्ष गेलं. नवीन मुलं विचारतात म्हणून लिहितोय, विशेषतः जे पैसे न घालता आपल्या कामाच्या बदल्यात शेअर, म्हणजेच स्वेट इक्विटी, घेऊन कंपनीत शिरतायत त्यांच्यासाठी.

आमची कंपनी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाचे सेन्सर बसवते, टेंपरेचर चढलं की मालकाला फोनवर अलर्ट जातो. ते अलर्टवालं सॉफ्टवेअर मी आधी एकट्याने, कंपनीत यायच्या 14 महिने आधीपासून लिहीत होतो. ही तारीख पुढे किती महत्त्वाची ठरणार आहे ह्याची तेव्हा कल्पना नव्हती.

पणजीत एका कंपनी सेक्रेटरी ताईकडे गेलो. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "तू कंपनीत कोण आहेस? पगारावर आहेस की बिल देतोस?" मी तोपर्यंत कन्सल्टंट म्हणून बिल द्यायचो. ती म्हणाली मग जमणार नाही, कंपनी कायद्याच्या कलम 54 प्रमाणे स्वेट इक्विटी फक्त डायरेक्टर किंवा कायम कर्मचाऱ्याला देता येते, बाहेरच्या सल्लागाराला नाही. म्हणून आधी मी पगारावर आलो आणि मग पुढचं सगळं. एक मात्र चांगलं आहे, ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला पुढे ठरलेल्या किमतीत शेअर घ्यायचा हक्क, साधारणपणे प्रमोटरला देता येत नाही (स्टार्टअपला त्यात सूट आहे), स्वेट इक्विटी प्रमोटरलाही चालते, म्हणून फाउंडर लोकांसाठी हीच वाट जास्त वापरतात.

आता आकडे. कंपनीचे 10 रुपयांचे 80,000 शेअर होते. मला वीस टक्के द्यायचे तर नवीन 20,000 शेअर काढायचे, एकूण एक लाख होतील, त्यातले 20 टक्के माझे. मर्यादा अशी आहे की एका वर्षात भरणा भांडवलाच्या 15 टक्के किंवा 5 कोटी रुपये किमतीचे शेअर, ह्यातलं जे जास्त असेल तेवढे देता येतात. 80,000 चे 15 टक्के म्हणजे 12,000 च, ते बघून मित्र घाबरला, पण आमच्यासारख्या छोट्या कंपनीची किंमत 5 कोटींच्या जवळही जात नाही त्यामुळे ती 15 टक्क्यांची रेघ आम्हाला लागतच नाही. खरी रेघ दुसरी, एकूण स्वेट इक्विटी भरणा भांडवलाच्या 25 टक्क्यांच्या वर कधीच जाऊ शकत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ती 50 टक्के आहे, तीही स्थापनेपासून 10 वर्षांपर्यंत.

मग व्हॅल्युएशन, इथे माझे वीस टक्के गेले. रजिस्टर्ड व्हॅल्युअरला दोन गोष्टींची किंमत काढावी लागते, शेअरची, आणि मी जे देतोय त्याची. शेअर निघाला 120 रुपये, म्हणजे 20,000 शेअर 24 लाखांचे. सॉफ्टवेअर मात्र त्याने 18 लाखांचं धरलं. कारण त्याने विचारलं, पगारावर आल्यावर लिहिलेला भाग कुठला? तो पगाराच्या बदल्यातच लिहिला गेला, कॉपीराइट मुळातच कंपनीचा, त्यासाठी परत शेअर कसे देणार? नियमातही स्पष्ट आहे की ज्या कामाचा मोबदला नेहमीच्या पगारात आलाय ते इथे धरायचं नाही. सुदैवाने आधीचं सगळं काम तारखेसकट गिटमध्ये होतं, `git log` काढून दिला तेव्हा त्या 14 महिन्यांचं काम तरी माझं म्हणून मोजलं गेलं. 18 लाख भागिले 120, म्हणजे 15,000 शेअर. 95,000 मधले 15,000 म्हणजे साधारण 15.8 टक्के. स्वेट इक्विटी डिस्काउंटनेही देता येते, पण कुणाशी वाद नको म्हणून आम्ही तेवढ्यावरच थांबलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

सॉफ्टवेअर कंपनीच्या नावावर करायचा असाइनमेंट डीड ताईने दोनदा लिहायला लावला. पहिल्या मसुद्यात मुदत आणि प्रदेश नव्हता, आणि कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लिहिलं नसेल तर मुदत 5 वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरतात. म्हणजे पाच वर्षांनी कंपनीच्या हातात काही नाही आणि पुढचा गुंतवणूकदार तिथेच बोट ठेवणार.

स्पेशल रेझोल्यूशन, नोटीसबरोबर व्हॅल्युएशनचा सारांश, एमजीटी-14 फॉर्म, अलॉटमेंटनंतर पीएएस-3 फॉर्म, एसएच-3 रजिस्टरमधली नोंद, हे ताईने केलं, त्यात फार सांगण्यासारखं नाही. फक्त रेझोल्यूशन झाल्यापासून 12 महिन्यांत अलॉट करावं लागतं एवढं लक्षात ठेवा, त्याचा उपयोग खाली येतो.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते. शेअर अलॉट झाले की त्या दिवशीची किंमत तुमच्या पगारात धरली जाते आणि त्यावर इन्कम टॅक्स लागतो. त्या किमतीसाठी वेगळं, मर्चंट बँकरचं व्हॅल्युएशन लागतं, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचं चालत नाही. आमचं आलं 130 रुपये. 15,000 गुणिले 130, साडेएकोणीस लाख. मी आधीच 30 टक्क्यांच्या स्लॅबात होतो, सेस धरून 31.2 टक्के, टॅक्स 6,08,400 रुपये. हातात एक रुपया आलेला नाही, आणि शेअर तीन वर्षं विकता येत नाहीत, सर्टिफिकेटवरच ठळक शिक्का असतो लॉक-इनचा.

मित्र म्हणाला आपण केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी खात्याकडे नोंदलेली स्टार्टअप आहोत, टॅक्स पुढे ढकलता येईल. नाही येत. नुसती ती मान्यता पुरत नाही, इंटर-मिनिस्टिरियल बोर्डाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. मूळ बेत फेब्रुवारीत अलॉट करायचा होता, म्हणजे सहा लाखांचा टीडीएस दोन पगारांत कापायचा, जे अशक्य. म्हणून रेझोल्यूशन जानेवारीत केलं आणि अलॉटमेंट एप्रिलमध्ये, बारा महिन्यांच्या आतच, आणि कापणी वर्षभरात वाटली गेली. तरी महिन्याला 50 हजारांच्या वर कापले जायचे, वर्षभर घर बायकोच्या पगारावर चाललं.

लॉक-इनबद्दल एक गैरसमज फाउंडर लोकांत फार दिसतो. ते समजतात तीन वर्षांच्या आत माणूस सोडून गेला तर शेअर परत येतील. येत नाहीत. लॉक-इन फक्त विकायला किंवा दुसऱ्याच्या नावावर करायला अडवतो, मालकी माणसाचीच राहते. आणि करारात "सोडलंस तर शेअर आम्हाला परत" असं लिहिलं तरी त्या तीन वर्षांत शेअर ट्रान्सफरच होत नाहीत, मग ते कलम चालवणार कसं? माझ्यानंतर आलेल्या हार्डवेअरवाल्या मुलीला आम्ही म्हणून सगळे एकदम दिले नाहीत, दोन हप्त्यांत ठरवले. दुसऱ्या हप्त्याला नवं रेझोल्यूशन, नवं व्हॅल्युएशन आणि त्याचा तीन वर्षांचा लॉक-इन अलॉटमेंटच्या तारखेपासून नव्याने चालू होतो, खर्च वाढतो, पण तिचा टॅक्सही एका वर्षात अंगावर येत नाही.

तिने होकार द्यायच्या आधी मी तिला कागदावर एवढंच काढून दाखवलं, किती शेअर, मर्चंट बँकरची अंदाजे किंमत, त्यावर टॅक्स किती, आणि कुठल्या महिन्यापासून किती पगार हातात येईल. तिने तो कागद घरी म्हापशाला नेऊन वडिलांना दाखवला आणि आठवड्याने येऊन सांगितलं, पहिला हप्ता थोडा लहान करूया.